मागच्या गेटवरचा चहा

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ज्या फाउंड्रीत मी निर्यातीची कागदपत्रं बघते, त्याच फाउंड्रीच्या मागच्या गेटवर माझे वडील, आप्पा, राखणदार होते. थोरल्या मालकांनी त्यांना ठेवलं होतं. थोरले गेले, धाकटे आले, पण आप्पांची खुर्ची हलली नाही. भट्टीतला माल मशीनवरून उतरून कंटेनरात चढायचा तो याच गेटजवळ, आणि कंटेनर बाहेर पडायचा तोही इथूनच.

या गेटवर चहा मिळतो हे मुंबईपर्यंतच्या ड्रायव्हरांना ठाऊक होतं. गाडी आली की आप्पा आधी किटली पुढं करायचे, मग "कुठली गाडी?" म्हणून विचारायचे. ड्रायव्हर, क्लीनर, मोबाईलला रेंज शोधत आलेला शेजारच्या कारखान्यातला फिटर, सगळे आत बाकड्यावर बसायचे. बाकडं लोडिंगच्या धक्क्याला लागून होतं, कारण सावली तिथंच पडायची.

आमचा माल न्हावाशेव्याच्या बंदरात जाऊन अडकायचा. कधी स्कॅनिंगला, कधी तपासणीला. कंटेनर उघडून बघायचे, जहाज निघून जायचं आणि जर्मनीच्या गिऱ्हाइकाचा फोन मला यायचा. यावर उतारा म्हणून धाकट्या मालकांनी कस्टम्सच्या भरवशाच्या व्यापाऱ्यांच्या यादीत जायचं ठरवलं. धंद्यात त्याला सगळे एईओ म्हणतात. पहिली पायरी कागदांवर मिळते आणि ती आम्हाला मिळाली होती. दुसरी पायरी मिळाली की तपासणी आणखी कमी होते, गाडी थेट बंदरात जाते. पण त्यासाठी अधिकारी कारखान्यात येऊन बघतात: गेट, कुंपण, कॅमेरे, कामगारांची पोलीस पडताळणी, कंटेनरला लावायची सीलं कुणाच्या कुलपात आहेत, रिकामा कंटेनर भरण्याआधी चारी अंगांनी, वरून, खालून ठोकून बघता का. सरकार तुमच्या डब्यात डोकावायचं कमी करणार, तर तुम्ही तो डब्बा राखला पाहिजे, असा सरळ हिशेब.

मालकांनी पुढचं गेट चकाचक केलं. काचेची केबिन, पाहुण्यांच्या गळ्यात अडकवायला कार्डं, नवीन कॅमेरा. पुढच्या गेटवरच्या लोकांना हॉलमध्ये बसवून शिकवलंसुद्धा. मी म्हटलं, मागच्या गेटवरच्यांनाही बोलवा, माल तर तिकडूनच जातो. धाकटे हसले. "मागं कोन बघतंय? सायेब पुढनं येनार, पुढनंच जानार." मला तेव्हाच राग आला होता. नोकरीत राग येतो आणि जातो, तसा तोही गेला.

पाहणीच्या दिवशी दोन अधिकारी आले. एक मोटारीतून पुढच्या गेटला आले, कार्ड गळ्यात घालून मालकांबरोबर फोटो काढून घेत बसले. दुसरे खांद्याला पिशवी लावून मागच्या रस्त्यानं चालत आले. आप्पांनी त्यांना बघितलं आणि खुर्चीवरून उठले.

"या पावणं. उनातनं आलाय. च्या घेनार न्हवं?"

साहेब हो म्हणाले. आप्पांनी नाव विचारलं नाही, गाव नाही, काम नाही. त्यांना बाकड्यावर बसवलं, चहा दिला, डब्यातलं भडंग पुढं केलं आणि एक गाडी आली म्हणून गेटकडं गेले. साहेब उठले, अर्धवट भरलेल्या कंटेनरात शिरले, टोकापर्यंत जाऊन आले. कुणी हटकलं नाही. उलट लोडिंगच्या एका माणसानं "पाय जपा" म्हणून सांगितलं.

दुपारच्या बैठकीत साहेबांनी हे सगळं शांतपणे सांगितलं. मालकांचं तोंड उतरलं. मी मान खाली घातली होती. माझा बाप चुकला होता आणि चुकीवर पांघरूण घालायला जागा नव्हती. अनोळखी माणूस कंटेनरात काय ठेवून जाईल, याचा आप्पांनी कधी विचारच केला नव्हता. त्यांच्या लेखी दारात आलेला माणूस आधी तहानलेला असायचा.

कस्टम्सचं पत्र आलं ते मीच वाचलं. त्रुटी एकच: मागच्या गेटवर येणाऱ्याची ओळख तपासत नाहीत, नोंद करत नाहीत, लोडिंगच्या जागेला अटकाव नाही. उपाय म्हणून बाकडं हलवा, साखळी लावा, गेटवरच्या माणसाला प्रशिक्षण द्या आणि काय केलं ते कळवा. एवढंच. माझा जीव भांड्यात पडला.

धाकट्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "म्हाताऱ्याला बदलू. एजन्सीचा गणवेशातला माणूस आणू."

मी म्हटलं, "त्यांची पोलीस पडताळणी स्वच्छ आहे. पत्रात फक्त शिकवायला सांगितलंय."

"शिकवल्यालं दिसत न्हाय, बाई. मानूस बदलला की लगीच दिसतंय."

कस्टम्सला पाठवायचं उत्तर मलाच टाइप करायला लावलं: गेटवर आता प्रशिक्षित माणूस आहे. मग त्यांनी आप्पांना केबिनमध्ये बोलवलं, खुर्ची दिली आणि सांगितलं की कस्टम्सवाल्यांनीच काढायला लावलंय, माझे हात बांधलेत. डोळ्यांत पाणीही आणलं. ते कसं आणलं देव जाणे. आप्पा घरी आले आणि त्यांनी मालकांचीच बाजू घेतली. "सरकारनंच सांगितलं म्हनल्यावर मालक तरी काय करनार? जीव तुटत हुता त्यांचा." मी खरं सांगायला तोंड उघडलं, तशी आईनं माझा हात दाबला. तो समज सोडला तर त्यांच्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं.

सुधारणा बघायला तेच साहेब पुन्हा आले. त्या दिवशी माझा डबा घरी राहिला होता आणि आप्पा तो घेऊन मागच्या गेटला आले होते. गणवेशातल्या पोरसवदा गार्डनं त्यांना साखळीबाहेर उभं केलं. ओळखपत्र मागितलं. आप्पांकडं नव्हतं. नियमाप्रमाणं मला बोलावणं आलं. मी पोचले तेव्हा मालक आणि साहेबही तिथं येऊन ठेपले होते. साहेबांनी आप्पांना ओळखलं.

"अरे, चहावाले बाबा! काय, ट्रेनिंग झालं का?"

"कसलं ट्रेनिंग, सायेब? तुमीच काढलासा की मला."

"मी?" साहेबांनी मालकांकडं बघितलं. "काढायला कोणी सांगितलं? मी शिकवायला लिहिलं होतं."

मालक हसले. "सायेब, आमी एक पाऊल पुढंच गेलो."

मला वाटलं, आता साहेब काहीतरी बोलतील. त्यांनी साखळी ओढून बघितली, गार्डची वही चाळली, बाकड्याची जागा मोकळी झालेली बघितली. "कुणाला ठेवायचं हा तुमचा अंतर्गत प्रश्न," म्हणाले. "गेट मात्र उत्तम झालंय." आणि कागदावर खूण करून आत गेले. मालक त्यांच्या मागोमाग गेले. दुसरी पायरी आम्हाला मिळाली. आता गाड्या बंदरात सरळ जातात आणि जर्मनीचा फोन आला तर शाबासकीसाठी येतो.

त्या दिवशी साहेब आत गेले तरी आप्पा साखळीच्या पलीकडं उभेच होते. डबा त्यांनी माझ्या हातात दिला नाही, धरूनच ठेवला. मालक गेले त्या दिशेनं ते बघत राहिले, मग माझ्याकडं बघितलं. आवाजात रागाचा टिपूस नव्हता.

"शिकवायचं की मग मला," ते म्हणाले. "मी काय शिकलो नसतो व्हय?"