बारा महिने एका तक्त्यावर

नवऱ्याची नोकरी सोडायची की ठेवायची, हे आमच्या घरात दर दोन-चार महिन्यांनी ठरायचं आणि पुन्हा मोडायचं. दिवाळीनंतर कापूस विकला, खात्यात रक्कम दिसली, की ते म्हणायचे, "बस झालं आता, सोडतो." जूनमध्ये बियाणं, खत आणि मुलीची शाळा एकदम अंगावर आली, की तेच म्हणायचे, "नाई, अजून एक साल राह्यतो." असं चार वर्षं चाललं. खात्यातली शिल्लक वर गेली की त्यांचा धीर वर जायचा आणि खाली आली की खाली.

ते गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडे होते, पोती भरण्याच्या कामावर. आमचं गाव गोंडपिपरीकडे, त्यामुळे पंधरा दिवसांनी एखादा रविवार घरी यायचे. घरी मी, मुलगी आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. शेती मामाजी मजूर लावून करायचे आणि मी ओसरीत शिलाई मशीन चालवायची. तिसऱ्या वर्षी नवऱ्याला खोकला लागला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की औषध देतो, पण धुळीतलं काम सुटल्याशिवाय हा सुटणार नाही. मामाजींचं म्हणणं वेगळं होतं. "शेती कधी पिकते, कधी नाई पिकत. पगार महिन्याले येते," ते म्हणायचे. त्यांच्या तोंडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की माझं डोकं फिरायचं.

त्या एप्रिलमध्ये ठेकेदाराचं नवीन वर्षाचं काम सुरू होणार होतं आणि आठवडाभरात नाव द्यायचं होतं. मी म्हटलं, आता मनाला विचारणं बंद. वर्षालाच विचारू.

हिशेब मला येतो, आणि हे मी लाजत सांगत नाही. आमचं दोघांचं मिळून एकच खातं आहे. पगार, कापसाचे पैसे, शिलाईचे पैसे सगळं त्यातच येतं. गेल्या एप्रिलपासून मार्चपर्यंत बारा महिन्यांची बारा स्टेटमेंटं मी तालुक्याला जाऊन छापून आणली. मुलीच्या शाळेच्या प्रकल्पातला एक मोठा कोरा तक्ता उरला होता, तो जमिनीवर पसरला. आडवे बारा महिने, उभ्या बाबी. वर जमा, खाली खर्च. आधी एका महिन्याची शेवटची शिल्लक ती पुढच्या महिन्याची पहिली शिल्लक आहे की नाही, हे बाराही पानांवर पाहून घेतलं, म्हणजे मधलं पान सुटलेलं नाही ही खात्री झाली.

मग एकेक ओळ तिच्या जागी लावत गेले. एटीएममधून काढलेली रोख हा काही खर्च नव्हे, खर्च नंतर होतो. म्हणून प्रत्येक रकमेपुढे ती कशाला काढली होती ते मामाजींना विचारून लिहिलं. "हे निंदणाचे. हे कापूस येचाईचे," मामाजी सांगायचे. नवऱ्याने तिकडे काढलेल्या रकमा फोनवर विचारल्या. खोलीभाडं, खानावळ, गाडीभाडं. भिशीच्या उचलीच्या मोठ्या रकमा दिसल्या, त्या मी फटाफट खोडल्या. भिशी मी चालवते. मी धरून बारा बाया दर महिन्याला दोन हजार काढतो आणि जमलेले चोवीस हजार पाळीपाळीने एकीला देतो. ते पैसे आमच्या खात्यातून जातात, पण तो काही आमचा खर्च नव्हे. माझ्या हुशारीवर मी खूश होते.

शनिवारी दुपारी बेरीज झाली. जमा सहा लाख तेवीस हजार, खर्च तीन लाख अठ्ठावीस हजार. उरले दोन लाख पंचाण्णव हजार! आणि सगळ्यात मोठी ओळ कोणती, तर माझ्या शिलाईची. तीन लाख अठ्ठेचाळीस हजार. पगाराच्या दुपटीहून जास्त.

मी अशी फुलले की विचारू नका. मामाजींना ऐकवलं, "पाहा, तुमच्या सुनेची मशीन कंपनीले भारी पडली." मामाजींनी तक्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तंबाखू मळायला घेतली. मी लगेच नवऱ्याला फोन लावला. ते म्हणाले, "सोडू मंग?" मी म्हटलं, "सोडा."

रविवारी सकाळी तक्ता भिंतीला लावायचा म्हणून उचलला, तेव्हा खाली एक जागा रिकामी दिसली. पडताळ्याची. वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक, त्यात जमा मिळवायची, खर्च वजा करायचा, की वर्षाच्या शेवटची शिल्लक यायला हवी. सुरुवातीला खात्यात अठरा हजार होते. माझ्या तक्त्याप्रमाणे शेवटी तीन लाख तेरा हजार असायला हवे होते. मार्चच्या पानावर होते एकोणपन्नास हजार.

फरक काढला, दोन लाख चौसष्ट हजार. बाराने भागला, तर महिन्याला बरोबर बावीस हजार. आकडा दिसला आणि मी कपाळावर हात मारला. अकरा बाया, दोन-दोन हजार.

माझ्या भिशीतल्या बाया म्हणजेच माझी गिऱ्हाइकं. ब्लाऊजचे पैसे त्या फोनवरून पाठवतात आणि भिशीचेही फोनवरूनच. नावं तीच. भिशीची उचल देताना मी ती आपली नव्हे म्हणून खर्चातून काढून टाकली, पण भिशीची वर्गणी येताना शिलाईची कमाई म्हणून आनंदाने जमेत धरली. दुसऱ्यांचे पैसे माझ्या दारातून आत आले तेव्हा मोजले आणि बाहेर गेले तेव्हा डोळे मिटले. चालवणारी म्हणून पहिली उचल माझीच होती, ती एप्रिलमध्येच घेतलेली. पुढचे अकरा महिने चोवीस-चोवीस हजार गेले, म्हणजे वर्षभरात जेवढे आले तेवढेच गेले, वर्षाअखेर भिशीचा हिशेब शून्य. दोन्हीकडून ती काढली तेव्हा शिलाई चौऱ्याऐंशी हजारांवर आली. एकूण जमा तीन लाख एकोणसाठ हजार, खर्च आधीचाच तीन लाख अठ्ठावीस हजार, उरले एकतीस हजार. अठरात एकतीस मिळवले, एकोणपन्नास. आता पानाशी जुळलं. जुळल्याचा आनंद मात्र अजिबात झाला नाही.

तेवढ्यात नवरा आला. एरवी एक पिशवी असायची, आज गादीची वळकटी खांद्यावर होती. मुलगी धावत जाऊन बिलगली. ते आत येता येताच सांगू लागले, "शेगडी त्या खोलीतल्या पोराले देऊन टाकली. ठेकेदाराले उद्या सांगतो." असा चेहरा मी लग्नानंतर पाहिला नव्हता. मला स्वतःचा इतका राग आला की पाण्याचा पेला मी जरा जोरातच ठेवला.

लपवायचं नाही, हे मात्र ठरलेलं होतं. पाणी पिऊन होताच तक्ता त्यांच्यासमोर पसरला आणि सांगितलं, "मी चुकली. भिशीचे पैसे शिलाईत धरले होते. दोन लाख पंचाण्णव नाई, एकतीस हजार उरतेत. आन् पगार आहे एक लाख चव्वेचाळीस."

त्यांनी एकतीसच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे शेगडी परत मांगा लागन."

मामाजी बाजेवरून म्हणाले, "मी म्हणतच होतो, पगार महिन्याले येते."

मामाजींच्या त्या एका वाक्याने माझं डोकं पुन्हा जागेवर आलं. पगार येतो, बरोबर. पण तो येण्यासाठी काय जातं, ते कोणी मांडलंच नव्हतं, मीही नाही. मी पेन घेतला आणि तक्त्याच्या कडेला एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, "घरी असले तर."

"खोलीभाडं आन् खानावळ?" मी विचारलं. ती तक्त्यावरच होती, वर्षाला अठ्ठेचाळीस हजार. ती जाणार. येण्याजाण्याचं चौदा हजार, तेही जाणार. "मामाजी, पोरगा घरी असला तं मजुरी किती वाचन?" मामाजींनी विचार केला. "येचाईले तं बायाच लागतेत," ते म्हणाले, "पण फवारा, डवरणं, पाणी, राखण... तीस हजार वाचतेत." मी तीस लिहिले. घरी जेवतील त्याचे बारा हजार उलट वाढवले. औषधाला हात लावला नाही, ते किती दिवस लागेल कोणाला माहीत. वाचणार ऐंशी हजार. पगार जाणार एक लाख चव्वेचाळीस हजार. म्हणजे एवढ्या धुळीतून वर्षाला घरात खरे येत होते चौसष्ट हजार.

एकतीस हजार उरत होते, त्यातून चौसष्ट गेले. तूट तेहतीस हजार.

नवरा म्हणाला, "तूट तं तूट आहे ना. मी राह्यतो अजून एक साल."

"आधी पूर्ण पाहून घ्या," मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं. "खात्यात एकोणपन्नास हजार आहेत. तेहतीस गेले तरी सोळा राह्यतेत. एक साल असंच निघते. आन् त्या सालात मी मशीनवर हातावर हात ठेवून बसून राह्यणार नाई. महिन्याले पावणेतीन हजाराची गोष्ट आहे."

ते हसले. "म्हणजे मी घरी राह्यलो तं तुले महिन्याले पावणेतीन हजाराले पडतो?"

"हाव," मी म्हटलं. "स्वस्त पडता."

त्यावर त्यांना मोठ्याने हसू आलं आणि हसता हसता खोकला सुरू झाला. तो थांबेना. मुलगी पाणी घेऊन आली आणि पेला हातात धरून उभी राहिली. मी त्यांची पाठ चोळत होते. फोनवर दर वेळी ते "थांब, नंतर करतो" म्हणून फोन ठेवायचे, ते का, हे मला तेव्हा कळलं. मामाजी बाजेवरून उठून जवळ आले होते. तक्त्यावर त्यांचा पाय पडला होता आणि ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

खोकला थांबल्यावर मामाजी म्हणाले, "उद्या कायले? आत्ताच फोन लाव त्या ठेकेदाराले."