सुताराचं माप

लोहाऱ्याच्या आरोग्य केंद्रात मी नर्स होते, तेव्हा कुटुंबनियोजनाच्या कपाटात कंडोम दोन तऱ्हेचे येत. एक रुंद, जाड रबराचे. दुसरे अरुंद आणि पातळ. पुरुषांना ते वाटायचं काम आमच्या आरोग्यसेवकाचं. तो चावडीसमोर चारचौघांत विचारायचा, "मोठं पाहिजे का लहान?" मग काय, सगळे मोठंच मागत. अरुंद पाकिटं कपाटात पडून राहत आणि तक्रारी बायकांच्या तोंडून माझ्याकडे येत.

एका सुताराची बायको अशीच आली. मागच्या बाळंतपणात रक्त जाऊन ती मरता मरता वाचली होती. पुन्हा दिवस राहणं तिच्या जिवावरचं होतं.

"बाई, ते आतच निसटतंय," ती पदराआडून म्हणाली. "जाड पोतं घातल्यावानी वाटतंय, काईच कळत न्हाय म्हणतेत. मधीच ढिलं पडतं, मग तर लईच निसटतं. ह्या बारीला पाळी आली, पर पुढं? आता ते नकोच म्हणायलेत."

मी डॉक्टरांकडे गेले. सैल बसतं त्याला अरुंद द्या, म्हटलं. आणि ज्याला अरुंद आवळतं त्याला रुंद, कारण आवळलं तरी ताठरपणा जातोच.

"सगळे पुरुषांचे बहाणे आहेत," डॉक्टर म्हणाले. "आणि बाईमाणसानं असली मापं काढू नयेत."

"मग तिच्या पुढच्या बाळंतपणाला तुम्ही बसा रात्रभर." मी किल्ली घेतली आणि कपाट उघडलं.

सुताराला निरोप धाडला. पाकीट पाहताच तो भडकला. "लहान? म्या काय पोरगं हाय का?"

"खुंटी भोकात सैल बसली तर तुम्ही खुंटीला शिव्या देता, का भोक बेताचं पाडता?"

तो हसू दाबत खाली बघायला लागला. मी न थांबता सांगून टाकलं: पार बुडापर्यंत उलगडायचं, आणि नंतर ढिलं पडायच्या आत कड धरूनच बाहेर काढायचं. हे आवळलं तर परत या, दुसरं बघू.

तो परत आला नाही. बायको आली. "बसलं, बाई. आता कळतंय म्हणतेत, मधीच थांबत न्हाईत." एवढं बोलून ती लाजून पळाली.

पुढच्या वाटपाला मी स्वतः चावडीसमोर जाऊन उभी राहिले. बायकांनी इथं यायचं नाही, असं कुणीतरी पुटपुटलं. मी हलले नाही. आरोग्यसेवकाने सवयीने विचारलं, "मोठं का लहान?"

सुतार पुढे आला. "लहान द्या. पातळवालं."

सगळी चावडी हसली. एक जण ओरडला, "काय मिस्त्री, रंधा मारून घेतला का?"

"हसा की," सुतार म्हणाला. "आधी आपापली लेकरं मोजा, मंग हसा."

हसणं थांबलं नाही. पण गर्दी पांगल्यावर दोघंजण मागे रेंगाळले, आणि माझ्याकडे न बघता त्यांनी हात पुढे केला.