तीस अंश

देवासच्या वीजघरात माझ्या मोठ्या भावाने स्विच लावला आणि भाजला. तिसऱ्या दिवशी तो गेला. स्विच लावला तेव्हा मी तेथेच उभा होतो.

दादा तेथे मिस्त्री होता. मी धारला शाळेत शिकवीत असे. सुट्टीत देवासला गेलो की तो इंग्रजी यंत्रपुस्तक माझ्यापुढे टाकी आणि म्हणे, "वाच, मास्तर." मी शब्द सांगे, अर्थ तो सांगे. मला इंग्रजी येत होते, त्याला वीज येत होती.

इंजिनियर साहेबांना यांपैकी काय येत होते, हे मला आजवर कळलेले नाही. ते एका सरदारांचे जावई. विलायतेत काही महिने राहून आले होते आणि तेथून पाइप ओढायला नक्की शिकले होते.

वीजघरात जुना ट्रान्सफॉर्मर डेल्टा-स्टार जोडणीचा होता. वरचे, जास्त दाबाचे वेटोळे त्रिकोणात, खालचे ताऱ्यात. राजवाड्यासाठी साहेबांनी तीन सुट्या पेट्यांचा नवा संच मागवला, तो स्टार-स्टार, म्हणजे दोन्ही वेटोळी ताऱ्यातच. दादाने कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "दोन्हीकडे सारखे असले की दिसायला नीटनेटके." वरच्या ताऱ्याचा मध्यबिंदू त्यांनी कशालाच जोडला नाही.

राजवाड्यात पाहुणे एका बाजूच्या खोल्यांत उतरले आणि एकाच फेजवर दिवे वाढले. त्या खोल्या मिणमिणू लागल्या. उरलेल्या खोल्यांत दिवे इतके तापले की फटाफट फुटले. दादाने मला ते पाटीवर काढून दाखवले. भार असमान झाला की न्यूट्रलमधून, म्हणजे खालच्या मध्यबिंदूच्या तारेतून, प्रवाह परत येतो. त्यात तिन्ही फेजांत एकाच वेळी चढणारा आणि एकाच वेळी उतरणारा असा समान भाग असतो. वर त्रिकोण असेल तर त्याला उत्तर देणारा प्रवाह त्या त्रिकोणातच गोल फिरतो आणि विजेचा दाब सावरतो. वर मोकळा तारा असेल तर त्याला वाटच नाही. मग मध्यबिंदूच जागचा सरकतो. शाळेतल्या पोरालाही ते समजले असते.

साहेबांनी उपाय काढला. "जुना आणि नवा शेजारी शेजारी जोडा. जुन्याचा त्रिकोण नव्याला सांभाळील."

"साहेब, दोघांत तीस अंशांचा फरक आहे," दादा म्हणाला. "जुन्याच्या दाबाची लाट पुढे सरकून बाहेर पडते, नव्याची सरकत नाही."

"देवासात दोन राजांच्या गाद्या एका गावात नांदतात, मिस्त्री. दोन ट्रान्सफॉर्मर नांदणार नाहीत होय?"

भोवतालचे हसले. हसणे हेच त्यांचे काम होते.

दादाने दोघांच्या सारख्या नावाच्या तारांमध्ये दोन-दोन दिवे एकामागे एक टांगले. दाब जुळत असता तर दिवे काळे राहिले असते. तिन्ही ठिकाणी ते निखाऱ्यासारखे लाल होते.

"तारा एक-एक घर पुढे सरकवा," साहेब म्हणाले.

सरकवल्या. दिवे आणखी प्रखर झाले.

"एक घर सरकवले की एकशेवीस अंश सरकतात, साहेब. त्यातून तीस कधी जाणार नाहीत. आतली जोडणीच वेगळी आहे."

"हे तुम्हाला कोणी शिकवले?" साहेबांनी माझ्याकडे पाहिले. "या मास्तरांनी? पुस्तकातून?"

मी गप्प राहिलो. तिरस्काराची वाटणी करायची तर थोडा मलाही ठेवला पाहिजे.

तारा पूर्वीच्या जागी आल्या. दिवे पुन्हा लाल झाले. "लाल म्हणजे जवळजवळ काळेच," साहेब म्हणाले. "नवे पाहुणे दुपारी येतील. लावा. नाहीतर बंगल्यावर घराची किल्ली ठेवा आणि बायकोला घेऊन गाव सोडा."

दादाचा माळवी सोबती त्याच्या कानाशी म्हणाला, "भिया, मत लगाव."

दादाने एकदा माझ्याकडे पाहिले. त्याला राहते घर सोडायचे नव्हते. वहिनीला दिवस गेले होते. साहेब चार पावले मागे सरले. तेवढी विद्या त्यांच्याजवळ होती. दादाने स्विच लावला.

दोघांमध्ये निम्म्या दाबाचा फरक होता आणि मध्ये अडवायला वेटोळ्यांखेरीज काही नव्हते. फ्यूज फुटले, स्विचच्या पात्यांवर ज्वाळा उठली आणि वितळलेले तांबे त्याच्या तोंडावर व हातांवर उडाले. साहेबांचा कोट कोराच राहिला.

चौकशीच्या कागदावर ‘मिस्त्रीच्या हलगर्जीपणामुळे’ असे लिहिले आहे. भाषा शुद्ध आहे. साहेबांना पुढल्या वर्षी बढती मिळाली; भाजण्याचा अनुभव घेतलेला माणूस खात्यात हवा, असे कोणी म्हणाले म्हणतात. अनुभव कोणाचा, हे विचारायला कोणी नव्हते.

नंतर बाहेरून एक जाणकार आला. त्याने स्टार-स्टारचा संच काढायला लावला आणि जुन्याइतकीच लाट सरकवणारा डेल्टा-स्टार बसवला. दोन्ही आता जोडीने चालतात. वहिनी आणि तिची मुलगी धारला माझ्या घरी राहतात.