असंपादित एक तास

क्षितिजा गुप्ते प्रभादेवीला राहायची आणि आवाज गोळा करायची. जाहिरातींच्या स्टुडिओत दिवसभर दुसऱ्यांचे आवाज साफ करून झाले की सुटीच्या दिवशी रेकॉर्डर घेऊन परळ-लालबागच्या चाळींत फिरायची. जिन्याची लाकडी करकर, गॅलरीतली भांडणं, दुपारी कुणीतरी लावलेला रेडिओ. एकेक चाळ पुनर्विकासाला जात होती. या आवाजांचा एक संग्रह करावा, सोबत छोटं सचित्र पुस्तक द्यावं, असं तिच्या मनात होतं. प्रकाशक कुणी मिळेना.

"लोकांकडून ऑनलाइन जमव," तिच्याच स्टुडिओतला सिद्धांत एकदा तिच्या घरी म्हणाला. "क्राउडफंडिंग."

"म्हणजे गणपतीची वर्गणी," वीरेंद्र, तिचे बाबा, पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

"जवळपास तशीच. फक्त वर्गणी देणाऱ्याला प्रसादात काय मिळणार, ते आधी लिहून द्यायचं."

दोघांनी हिशेब मांडला. मिक्सिंग, चित्रं, छपाई. क्षितिजा कुरियर आणि पॅकिंग धरायलाच विसरली होती, सिद्धांतने ते घातलं. वर वेबसाइटचं कमिशन आणि त्यावरचा जीएसटी. लक्ष्य तिला वाटलं होतं त्याच्या जवळजवळ दीडपट झालं. नियमही कडक होता. मुदतीत लक्ष्य गाठलं तर पैसे मिळणार, नाहीतर ज्याचे त्याला परत.

मग पायऱ्या ठरल्या. सगळ्यात खाली नुसते आवाज डाउनलोड. त्यावर पुस्तक. त्यावर पुस्तकात छापलेलं नाव. सगळ्यात वरची पायरी सिद्धांतच्या डोक्यातून आली, फक्त पाच जणांसाठी: आम्ही तुमच्या घरी येऊ आणि तुमच्या घराचा एक तास रेकॉर्ड करून देऊ. खाली क्षितिजाने स्वतः दोन ओळी घातल्या. ध्वनिमुद्रण असंपादित असेल. ते फक्त तुमचं राहील, सांगाल तेव्हा आमच्याकडची प्रत पुसू.

सुरुवातीला ओळखीच्या लोकांनी भर घातली. मग गाडी अडली. शेवटच्या आठवड्यात क्षितिजा रोज मेसेज करत होती, शाळेतल्या मैत्रिणींना, नातेवाइकांना, लाज सोडून. शेवटच्या दुपारी वरच्या पायरीची उरलेली एक जागा कुणीतरी घेतली आणि लक्ष्य पार झालं. नाव होतं शरच्चंद्र कोरगावकर.

पैसे काही आठवड्यांनी कमिशन वजा होऊन खात्यात आले. चार घरांचं रेकॉर्डिंग झालं. कोरगावकर मात्र पत्ता विचारणाऱ्या मेलला उत्तर देत नव्हते. छपाईही रखडली. तसं क्षितिजाने सगळ्या देणगीदारांना कळवलं, कारण देऊन, नवी तारीख देऊन. त्या मेलला कोरगावकरांचं उत्तर आलं. परळमधल्या एका चाळीचा पत्ता, तिसरा मजला. 'खोली बंद असते. किल्ली शेजारच्या दुर्गाबाईंकडे. दुसऱ्या कुणाला आत थांबवू नका, काही वाजवू नका. खोली आहे तशी ऐकायची आहे. चाळ पडणार आहे.'

भर दुपारी ती गेली. दुर्गाकाकूंनी किल्ली दिली.

"कोरगावकर भाऊ मुलीकडे गेले नाशिकला. बायको गेली ना त्यांची, मनू, त्यानंतर. चार वर्षं झाली. मी कधीतरी झाडू मारते, पण जास्त वेळ थांबत नाय मी आत."

"का?"

"असंच," काकू म्हणाल्या आणि गॅलरीत तांदूळ निवडायला बसल्या.

खोलीत एक कपाट, ओटा, मोरी आणि भिंतीवर कॅलेंडर काढलेल्या जागेचा फिकट चौकोन. मोरीतल्या नळाचं पाणी बंद केलेलं होतं. क्षितिजाने मधोमध स्टँडवर माइक लावले, दार लोटलं, कोपऱ्यात जमिनीवर बसली आणि हेडफोन चढवला.

बराच वेळ कबुतरं आणि जिन्यावरची पावलं. मग नळ सुरू झाला.

तिने मोरीकडे पाहिलं. नळ कोरडा होता. हेडफोन काढला, शांतता. परत लावला, पाणी पातेल्यात पडत होतं. रेकॉर्डरवरची आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी त्याबरोबर हलत होती. मग ओट्यावर कप ठेवल्याचा आवाज आला, आणि दुसरा कप.

"साखर घातलीस?" बाईने विचारलं.

"घातली," पुरुष म्हणाला. "तू बस आता."

आवाज ओट्याकडून माइकजवळ आले, तिच्यापासून हातभर अंतरावर. कुणीतरी चहा फुंकून प्यायलं. तास संपेपर्यंत ती हलली नाही. बाहेर आली तेव्हा काकू तशाच तांदूळ निवडत होत्या. खोलीच्या पलीकडच्या बाजूला घर नव्हतंच, भिंतीला लागून जिना होता.

"काकू, तुमच्याकडे कुणी आलं होतं?"

"माझ्याकडे कोण येणार?" काकूंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

सिद्धांतने रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. आधी म्हणाला भिंतीतून आलंय. मग म्हणाला, इतकं स्वच्छ येत नाही.

"त्यांना पाठवू नकोस," शेवटी म्हणाला. "म्हातारा माणूस आहे. ते सगळं काढून टाक, नुसती खोली ठेव. त्यांना काय कळणार?"

"असंपादित लिहिलंय आपण."

तिने तो तास जसाच्या तसा पाठवला. सोबत फक्त एवढंच लिहिलं, की यात मी काहीही घातलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत तिचा फोन वाजला.

"हॅलो, गुप्ते का? मी कोरगावकर."

हाच आवाज. साखर घातली म्हणणारा.

"बाई मनूच आहे," ते म्हणाले. "ते मला वाटलंच होतं. पण दुसरा तुम्ही ओळखलात?"

"तुम्ही आहात."

"त्या दुपारी मी इथे नाशिकला होतो. लेकीबरोबर जेवत होतो." त्यांनी आवाज खाली आणला. "मग तिथे तिच्याजवळ कोण बसलाय?"

क्षितिजा खुर्चीत बसली.

"तुमच्याकडची प्रत पुसाल ना?" त्यांनी विचारलं. "लिहिलंय तुम्ही."

"पुसते."

सिद्धांत ऐकत होता. फोन ठेवल्याबरोबर म्हणाला, "वेडी आहेस का? याचं एक मिनिट टाकलं तर पुढचं कॅम्पेन एका दिवसात भरेल. त्यांचं नाव नाही सांगायचं."

"ज्या जागेमुळे लक्ष्य पार झालं, ती जागा मी खाली लिहिलेल्या त्या दोन ओळींवर विकली गेली, सिद्धांत."

तिने रेकॉर्डरचं कार्ड पुसलं, हार्ड डिस्कवरची प्रत पुसली. सिद्धांतच्या लॅपटॉपवर तिसरी होती. त्याने लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. "तूच कर. माझ्याने नाही होणार."

पुस्तकं नव्या तारखेनंतरही पंधरा दिवस उशिरा आली. एका देणगीदाराने चिडून लिहिलं, तिने माफी मागितली आणि त्याचा बॉक्स सगळ्यात आधी पाठवला. कोरगावकरांनी पुस्तकासाठी दिलेला पत्ता बदलल्याचं कळवलं होतं. नाशिक खोडून परळ. तो बॉक्स तिने स्वतः नेला.

चाळीतली अर्धी कुटुंबं तोवर भाड्याच्या घरांत गेली होती. दार कोरगावकरांनी उघडलं. उंच, नीट दाढी केलेले, तब्येतीने ठीक. त्यांनी बॉक्स घेतला, पुस्तकात आपलं नाव शोधून पाहिलं, दोन्ही हात जोडले.

"इथेच राहता आता?" तिने विचारलं.

"रिकामी करायला सांगेपर्यंत."

"लेक काय म्हणते?"

"चिडलीय." ते हसले. "बसा म्हटलं असतं तुम्हाला. पण आत जागा नाही."

त्यांच्या खांद्यावरून तिला खोली दिसत होती. कपाट, ओटा, गुंडाळलेली एक गादी आणि सगळी मोकळी फरशी. कोरगावकरांनी दाराची फट थोडी कमी केली, मागे वळून कुणाला तरी हळू आवाजात "आलो" म्हणाले आणि दार लावून घेतलं.

खाली उतरून क्षितिजा रस्त्यावर आली. तिथेच फोनवरून तिने सगळ्यांना शेवटचं कळवलं, की कबूल केलेलं सगळं पोचतं झालं आहे. पुढच्या वर्षी तिने गिरगावच्या आवाजांसाठी नवं कॅम्पेन लावलं. लक्ष्य आधीपेक्षा मोठं होतं आणि मुदतीच्या आत भरलं. सगळ्यात वरची पायरी मात्र तिने ठेवली नाही. सिद्धांतनेही ती सुचवली नाही.