पाच चाळीसची नोंद

आमच्या ऑफिसात तिला हवालदार म्हणायचे. मी ताई म्हणतो, कारण वयाने मोठी आणि माझ्या चुकांवर पांघरूण घालण्याची तिला सवय. आम्ही बसच्या वेळा सांगणारं अ‍ॅप बनवतो. ते लोकांच्या फोनवर कुठेही अडखळलं, की एका सेवेकडे त्याची नोंद जाते आणि ती ताईच्या स्क्रीनवर उमटते. सकाळी आली की पर्स खांद्यावरच ठेवून ती आधी ती यादी बघायची.

त्या यादीत एक बग दोन वर्षं पडून होता. रोज एकच नोंद, पहाटे पाच चाळीसला, एकाच जुनाट फोनवरून. फोनमध्ये साठवलेल्या वेळापत्रकातली तारीख त्या मॉडेलला वाचता येत नसे, एवढंच. मीटिंगमध्ये मी तीनदा विचारलं. तीनदा ताई म्हणाली, "बघते." तासाभराचं काम, आणि हिच्यासारखी कामसू बाई ते टाळते, हे काही माझ्या पचनी पडेना.

आता माझा पराक्रम. त्या सेवेत आम्हाला महिन्याला पन्नास हजार नोंदींचा कोटा. बग एकच असला तरी तो जितक्या वेळा घडतो तितक्या नोंदी मोजल्या जातात. यादीत त्याची ओळ एकच दिसते, पण कोटा प्रत्येक नोंदीने खाल्ला जातो. मी नकाशाची नवी स्क्रीन लिहिली. बसचं ठिकाण मिळालं नाही की दर दोन सेकंदांनी पुन्हा विचारायचं, आणि प्रत्येक अपयश कळवायचं. कुठे थांबायचं, हे लिहायला मी विसरलो. चार तारखेला सकाळी ती स्क्रीन लोकांकडे गेली. दोनशे जणांनी ती उघडी ठेवली, म्हणजे सेकंदाला शंभर नोंदी. माझा चहा संपायच्या आत महिन्याचा कोटा संपला.

असल्या लोंढ्यासाठी त्या सेवेत स्पाइक प्रोटेक्शन असतं. नेहमीच्या मानाने नोंदी अचानक वाढल्या की जादाच्या नोंदी न मोजताच टाकून देतं, म्हणजे कोटा शिल्लक राहतो. ते मीच महिन्यापूर्वी बंद केलं होतं. एका चाचणीत सगळ्या नोंदी हव्या होत्या, आणि पुन्हा चालू करायचं माझ्या डोक्यातूनच गेलं.

माझा बग दुपारपर्यंत दुरुस्त झाला, प्रोटेक्शनही चालू केलं. पण गेलेला कोटा त्याने परत येत नाही. आता एक तारखेपर्यंत येईल ती नोंद दारातूनच परत जाणार होती. जादा कोटा घ्या म्हणून ताई साहेबांकडे दोनदा गेली. साहेब म्हणाले, "बग सापडलाय ना? मग महिनाभर कळ काढा."

ताईला कळ काढवेना. रिकाम्या यादीकडे बघत बसायची. आठ तारखेला मला जिन्यात गाठून म्हणाली, "पाच चाळीसचा फोन माझ्या बाबांचा आहे रे."

बाबा बस ड्रायव्हर. तीस वर्षं पहिली गाडी पाच चाळीसला काढली. त्यांच्या निवृत्तीच्या सत्काराला ही गेली नाही, कारण त्याच दिवशी आमचं अ‍ॅप पहिल्यांदा लोकांपुढे यायचं होतं. ते म्हणाले, "मग आता येऊच नकोस." हीही हट्टी, त्यांचीच मुलगी. तेव्हापासून बोलणं बंद. फोन तिने पहिल्या पगारातून घेऊन दिलेला. "ती नोंद आली की कळायचं, उठलेत, बरे आहेत. दुरुस्त केला असता तर मला काय कळलं असतं? आता चार दिवस काहीच नाही. तू लाव फोन. माझा नंबर बघून उचलणार नाहीत."

मी लावला आणि स्पीकर चालू केला. बराच वेळ वाजला. ताईने कठडा घट्ट धरला होता.

"कोण?"

"बाबा, मी."

पलीकडे खोकला. मग, "काय बिघडलं?"

"काही नाही. तुम्ही बरे आहात ना? अ‍ॅप उघडता ना अजून?"

"उघडतो की. रोज पाच चाळीसला. आणि रोज बंद पडतं."

"मग काढून का नाही टाकलंत?"

"का टाकू? बंद पडलं की खाली लिहून येतं, 'काहीतरी चुकलं. आम्हाला कळवलं आहे.'" मग म्हणाले, "आम्हाला म्हणजे तुलाच ना? रोज कळवतोय. म्हटलं, येईल कधीतरी."

ते वाक्य अ‍ॅपमध्ये मीच लिहिलं होतं, नुसतं रीत म्हणून.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "कळत होतं मला."

"रोज?"

"रोज."

"मग?" बाबांनी विचारलं, आणि उत्तराची वाट बघत राहिले.