पर्यवेक्षकाच्या रकान्यातले नाव

नालवाडीच्या मुलींच्या वसतिगृहाचे ऑफिस सांभाळणाऱ्या पौर्णिमाताईंच्या टेबलावरून कागद सहजासहजी पुढे सरकत नसे. झेरॉक्स दाखवली की त्या असल कागद मागत. असल दाखवला की मुदतीची तारीख वाचत. तारीख बरोबर निघाली, तरी परवाना देणाऱ्या कार्यालयाला फोन लावत. ठेकेदार पाठीमागे त्यांना ‘चष्मेवाली इन्स्पेक्टर’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होते, आणि खरे सांगायचे तर आवडतही होते.

हा कडकपणा काही जन्मजात नव्हता. अकरा वर्षांपूर्वी मुदत संपलेल्या परवान्यावर एकाने पंपाची वायरिंग करून दिली, आणि स्वयंपाक करणाऱ्या सीताबाईंना ओल्या हाताने नळ धरताच शॉक बसला. बाई वाचल्या, पण दोन बोटे कायमची वाकडी झाली. तो परवाना पौर्णिमाताईंनीच फाइलला लावला होता, न वाचता. त्यानंतर त्यांनी स्वतः एक तपासणी तक्ता तयार केला: कंत्राटदाराचा परवाना, त्याची मुदत, तारतंत्र्यांचे, म्हणजे वायरमनचे, परवाने, पर्यवेक्षकाचे सक्षमता प्रमाणपत्र. खाली एकच सही, त्यांची.

यंदा तिसऱ्या मजल्यावरचा स्विचबोर्ड जळाला. नव्वद मुली असलेल्या इमारतीची सगळी वायरिंग नव्याने करायची ठरली. तीन कोटेशने आली, त्यात सर्वांत कमी ठेकेदार रुपेश ढोबळेचे. संस्थेच्या सचिव कांताताई शुक्रवारी सकाळीच टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

“पौर्णिमा, सोमवारी वर्क ऑर्डर निघाली पाह्यजे. पोरी अंधारात अभ्यास करून राह्यल्या. तू उगाच लांबवू नको.”

“नाई लांबवत, ताई.”

आणि लांबवण्यासारखे वाटतही नव्हते. रुपेश घरचाच माणूस. पौर्णिमाताईंचे यजमान हरिदास त्याच्याकडे चौदा वर्षे पर्यवेक्षक होते. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला तेव्हा रुपेशनेच त्यांना पाठीवर घेऊन पिपरीतल्या घराचा जिना उतरवला, सेवाग्रामच्या दवाखान्यात पोचवले आणि चार रात्री तिथेच बाकावर झोपला. अशा माणसाचे कागद तपासताना मनाने आधीच सही केलेली असते. ताईंनी तरी नेमाप्रमाणे असल पाहिला. मुदत पुढच्या वर्षापर्यंत होती. विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात फोन केला, तिथल्या बाबूने नोंद पाहून परवाना चालू असल्याचे सांगितले. दोन्ही तारतंत्र्यांचे परवाने ठीक होते.

मग पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र आले. नाव हरिदास वानखडे.

सोबत त्यांचे पत्र होते. मी या फर्ममध्ये पूर्णवेळ कामावर असून सदर काम माझ्या प्रत्यक्ष देखरेखीखाली होईल, असे त्यात टाइप केलेले. तारीख मागच्या आठवड्यातली. खाली सही होती, डाव्या हाताची, वाकडीतिकडी. लकव्यानंतर सहा महिने हरिदास वहीत ती गिरवत बसले होते, आणि वही धरायला ताईच बसत होत्या.

ताईंना रविवार आठवले. दर रविवारी रुपेश घरी येई, चहा घेई, ‘भाऊ, इथं केबल कोणती टाकू?’ म्हणून विचारी. जाताना दोनचार कागद सहीसाठी पुढे करी. ताईंना वाटे, जुन्या कामांचे काही राहिले असेल. त्या एका तासासाठी हरिदास सकाळपासून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसत. एरवी बाकीचा आठवडा ते भिंतीकडे पाहत. जिल्हाभरातल्या ठेकेदारांचे कागद उजेडात धरून पाहणाऱ्या बाईने स्वतःच्या घरातला कागद कधी हातात घेतला नव्हता.

त्यांनी रुपेशला ऑफिसात बोलावले. आल्याआल्या त्याने फाइलकडे पाहिले आणि ओळखले.

“वहिनी, परवान्याले एक नाव लागते. भाऊचं नाव काढलं तर दुसरा सर्टिफिकेटवाला सापडेपर्यंत माह्या परवान्यावर काम बंद. सहा माणसं आहे माह्याकडं.”

“काम कोण पाहीन?”

“मी पाहतो ना. माही पोरं हुशार आहे.”

“तुह्यापाशी सर्टिफिकेट आहे का?”

त्याने समोरची फाइल मिटवली. मग हळूच म्हणाला, “भाऊले बरं वाटते, वहिनी. त्याइले वाटते आपण अजून कामाचे आहो. तुमीच सांगा, मी काय वाईट केलं?”

या प्रश्नाचाच ताईंना संताप आला. ठीक म्हणून सही करावी, तर खुर्चीतून न उठणाऱ्या माणसाच्या नावावर नव्वद मुली झोपणार. नामंजूर लिहावे, तर कारण लिहावे लागणार, आणि कारण म्हणजे आपलाच नवरा. खोट्या पत्रावर सही त्याची, कारवाई झाली तर त्याच्यावरही. दुसऱ्याकडे फाइल द्यावी, तर दुसरा कोणी तक्ता वाचतच नाही. त्यांनी फाइल पिशवीत टाकली. बावीस वर्षांत ऑफिसचा कागद घरी नेण्याची ती पहिलीच वेळ.

घरी हरिदास खिडकीशी होते. ताईंनी स्वयंपाक केला, त्यांना जेवू घातले, भांडी घासली, ओटा दोनदा पुसला. शेवटी फाइल त्यांच्या मांडीवर उघडून ठेवली.

“ही सही तुमची?”

“हो,” ते जड जिभेने म्हणाले. थोडे खुशीतच. “तुमच्या हॉस्टेलचं काम आहे म्हणे. मले रुपेशनं सांगतलं.”

“तीन मजले आहे. कसे चढान?”

हरिदासांनी मान खिडकीकडे वळवली.

“अर्थिंग कोण तपाशीन? बोर्ड बंद करायच्या आधी कोण पाहीन?”

“रुपेश...”

“तुमी असते अन् दुसऱ्यानं असा कागद आणला असता, तर तुमी काय केलं असतं?”

हा प्रश्न विचारायला नको होता, असे त्यांना लगेच वाटले.  हा माणूस पूर्वी एका सैल जोडासाठी अख्खा बोर्ड उतरवायला लावी, तारतंत्री त्याच्या नावाने बोटे मोडत. हरिदासांनी पत्र डाव्या हाताने जवळ ओढले आणि वाचू लागले. ओळीवर बोट ठेवून, अगदी सावकाश. ताईंच्या लक्षात आले की हे पत्र ते आज पहिल्यांदा वाचत आहेत.

“असे किती कागद झाले?” ताईंनी विचारले.

“मोजले नाई. दीड वर्ष झालं.” मग पत्र मिटवत, “तो केबलचं नावापुरतं विचारते पौर्णिमा. सहीच मागते फक्त. मले माहीत आहे.”

ताईंना रडू आले, आणि त्यांनी ते लपवले नाही.

“लिही,” हरिदास म्हणाले. “विद्युत निरीक्षकाले अन् परवाना देणाऱ्या मंडळाले. लकव्यामुळं मी काम पाहू शकत नाई, माहं नाव काढून टाका. अन् दीड वर्षात ज्या कामांवर सह्या केल्या, ती मी पाह्यली नाई. पुन्हा तपासा.”

“तुमचं सर्टिफिकेट जाईन.”

“जाईन.”

“रुपेश येणार नाई मग.”

त्यांनी मांडीवरची फाइल ताईंकडे सरकवली. ताईंनी लिहिले. कागद पुढे केला तेव्हा हरिदासांनी पेन घेतले नाही. आधी वाचायला मागितला. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचला, एका ठिकाणी तारीख चुकली होती ती दाखवली, ताईंनी सुधारली, तेव्हा त्यांनी सही केली. मग पेन ताईंच्या हातात देऊन म्हणाले, “आता तुहा तक्ता भर. रकाना कोरा सोडजो नको. नाव लिहून नामंजूर लिही.”