बिबमागची पट्टी

अकोल्यात शिक्षिका असलेली माझी भाची अमरावतीची मॅरेथॉन पूर्ण धावली नाही, मधूनच वळून आली, असं तिच्या धावण्याच्या ग्रुपमधले लोक आजही समजतात. ते खोटं आहे. ती पूर्ण धावली होती.

तिची ती पहिलीच मॅरेथॉन. आदल्या दिवशी ती बिब, म्हणजे छातीवर लावायचा छापील नंबर, घेऊन माझ्या घरी आली. मी तरुणपणी जिल्ह्यात धावलेलो, म्हणून तयारी माझ्याकडे. पलंगावर मी सगळं मांडलं: दोन-चारदा धुतलेला टी-शर्ट, सवयीचे बूट-मोजे, टोपी, काखेत आणि मांडीला लावायला व्हॅसलीन, सरावात खाल्लेलेच खजूर आणि एनर्जी जेल, मिठाची पुडी. वेगळ्या पिशवीत धावून झाल्यावरचं: कोरडे कपडे, टॉवेल, चपला, केळी.

"मामा, तुमी तं रुखवत मांडून राहिले," ती म्हणाली आणि अंघोळीला गेली.

तेवढ्यात मी बिबला पिना लावायला घेतल्या. मागे फोमची एक पट्टी चिकटवलेली होती. आमच्या वेळी नंबर कापडावर रंगवलेला असे. मला ते पॅकिंग वाटलं. मी पट्टी सोलून कचऱ्यात टाकली. रस्त्यावर अंथरलेल्या मॅटवरून धावताना वेळ नोंदवणारी चिप त्याच पट्टीत होती.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वळणावर मी मीठ-साखरेचं पाणी घेऊन उभा होतो. ती माझ्यासमोर वळली. शेवटी लंगडत आली, पदकही मिळालं. पण निकालात तिच्या नंबरापुढे काहीच नव्हतं. सुरुवातीची वेळ नाही, वळणाची नाही, शेवटचीही नाही. वळणाची नोंद नाही म्हणजे ती तिथवर गेलीच नाही, असं ग्रुपमध्ये बोललं जाऊ लागलं.

ग्रुपमधल्या एकाने मला फोन केला. "काका, तुमी वळणावर होते ना? दिसली काय ते?"

तोवर मला चिपचं कळलं होतं. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न बिबचा आला असता. मी म्हणालो, "गर्दी होती. ध्यान नाही राहिलं."

पुढच्या हिवाळ्यात तिने धावणं सोडलं. गुडघा दुखतो, म्हणाली. मी बाम सुचवला.

परवा अकोल्याला जाऊन तिला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले.

"मले वाटे, मायंच काही चुकलं असन. मॅटवर पायच पडला नसन. किती दिवस तेच आठवून पाहिलं."

"मी चुकलो."

"पट्टीचं जाऊ द्या, मामा. तुमाले मी दिसली होती ना? मंग दिसली नाही, असं काहून सांगतलं?"

मी तिच्या पुढ्यातली जुडी ओढून निवडायला घेतली. ती म्हणाली, "मले सांगून काय होते? त्याईले सांगा."

म्हणून हे लिहिलं. ग्रुपवर टाकायला तिच्याकडेच पाठवलं आहे. तिने वाचलं आहे. अजून टाकलेलं नाही.